एक्केचाळीस गोण्यांचा हिशोब

अभिमन पाटील म्हणजे भुसावळच्या रेल्वे स्टोअरमधला चौतीस वर्षांचा स्टोअरकीपर. साधा वॉशर द्यायचा तरी चिठ्ठी हवी, आणि चिठ्ठीवर चार रकाने भरलेले हवेत: माल कोणता, नग किती, कोणाच्या सांगण्यावरून आणि कारण काय. कारणाचा रकाना रिकामा दिसला की चिठ्ठी परत. मग समोर साहेब असो की साहेबाचा साडू. मागच्या डिसेंबरात ते रिटायर झाले तेव्हा शेवटच्या तपासणीत त्यांच्या स्टोअरचा माल कागदाशी नगानग जुळला होता. निरोपाच्या भाषणात तीन माणसांनी हीच गोष्ट सांगितली, आणि तिघांच्याही वेळी अभिमन नानांचे डोळे भरले. एवढ्या एका गोष्टीवर माणूस उभा होता म्हणा ना.

रिटायर झाल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी ताईबाई भडगावला येऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहू लागले, कारण गिरणा नदीच्या अंगाला घेतलेल्या प्लॉटवर घर चालू होतं. काम होतं वना मिस्त्रीकडे. वना त्यांच्या गल्लीतला, त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. नानांनीच त्याला लहानपणी गिरणेत पोहायला शिकवलं. लहानपणापासून तो त्यांना नाना म्हणायचा. पुढे त्याचं बघून सगळी गल्ली म्हणायला लागली. व्यवहार सरळ होता: मजुरीचा भाव ठरलेला, आणि सिमेंट वना दुकानातून आणणार, गोण्या मोजून टप्प्याटप्प्यानं बिल लावणार.

जानेवारीत स्लॅब पडला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वनानं बिल आणून दिलं. पायापासून स्लॅबपर्यंत सिमेंट चारशे एक्केचाळीस गोण्या. सोबत दुकानाच्या पावत्या व्यवस्थित टाचलेल्या.

आता दुसरा कोणी असता तर पावत्यांची बेरीज बघून मोकळा झाला असता. नानांचं तसं कुठलं! दुकानातून माल निघाला हे पावती सांगते, तो माझ्या घरात शिरला हे कुठे सांगते, असा त्यांचा सवाल. सवाल चुकीचा नव्हता, हे आपण आधीच कबूल करू. ते सरळ जळगावला गेले, नूतनकडे. नूतन म्हणजे त्यांच्या घराची ड्रॉइंग काढून देणारी इंजिनिअर पोरगी. फी फक्त ड्रॉइंगची ठरलेली, त्यामुळे पायाचं लोखंड बघायला ती एकदाच भडगावला आली होती.

तिनं नानांना शेजारी बसवून घेतलं आणि ड्रॉइंग पसरली. तिचं म्हणणं असं, की सिमेंट कुठे हवेत जात नाही. ते काँक्रीटमध्ये जातं, नाहीतर दगड-विटांच्या सांध्यात. म्हणून आधी ड्रॉइंगवरून प्रत्येक वस्तूचं घनफळ काढायचं. लांबी, रुंदी, उंची, आणि अशा किती. घनफुटांना पस्तिसानं भागलं की घनमीटर. कॉलम, बीम, स्लॅबचं काँक्रीट एका भाग सिमेंटला दीड वाळू, तीन खडी असं धरलेलं. पण खडी, वाळू, सिमेंट कोरडं असताना जास्त जागा खातं आणि पाणी घालून दाबलं की बसतं, म्हणून एक घनमीटर ओल्या काँक्रीटला दीड घनमीटरच्या वर कोरडा माल लागतो. ते सगळं धरून एका घनमीटरला सिमेंटच्या आठ गोण्या. पायाखालच्या पातळ काँक्रीटला साधारण साडेतीन गोण्या. जोत्याच्या दगडी भिंतीला घनमीटरमागे दीडच्या थोड्या वर. आणि वर शेकडा तीन सांडलवंड सोडायची, कारण गोणी फुटते, माल घमेल्यात राहतो.

नानांनी वहीत सगळं उतरवून घेतलं. निघताना नूतन म्हणाली, "नाना, हा हिशोब ड्रॉइंगचा झाला. कोणाला काही बोलायच्या आधी जागेवर टेप लावून बघा. कागद आणि काम यांत कधी कधी फरक असतो."

नानांनी मान हलवली. पण मनात म्हणाले, पोरी, चौतीस वर्षं मी कागदावर काढली.

दोन दिवस खोलीतल्या पलंगावर ड्रॉइंग पसरून त्यांचा हिशोब चालला. ताईबाईंना जेवायला ताट ठेवायला जागा राहिली नाही. चौदा फुटिंग म्हणजे कॉलमखालचे चौथरे, पाच बाय पाच आणि सव्वा फूट जाड. चौदा कॉलम, नऊ इंच बाय पंधरा. दोनशे चाळीस फूट बीम खाली, तेवढाच वर. स्लॅब अकराशे चौरस फूट, पाच इंच. सगळं मिळून काँक्रीट एक्केचाळीस घनमीटरच्या जरा वर, म्हणजे तीनशे तीस गोण्या. पायाखालच्या पातळ काँक्रीटच्या चोवीस. जोत्याच्या दगडी भिंतीच्या चौतीस. झाल्या तीनशे अठ्ठ्याऐंशी. सांडलवंड बारा. बरोबर चारशे.

आणि बिल चारशे एक्केचाळीसचं.

नानांनी तिसऱ्यांदा बेरीज केली, तरी एक्केचाळीस गोण्या वर. साडेपंधरा हजार रुपये. पैशाचं दुःख होतंच, नाही असं नाही. पण त्याहून मोठं हे, की पोहायला शिकवलेल्या पोरानं स्टोअरकीपरलाच टोपी घातली. त्यांचं डोकं तापलं. ताईबाई म्हणाल्या, आधी वनाला घरी बोलवा, चहा पाजा, विचारा. नाना म्हणाले, तपासणी उघड्यावर होत असते.

आणि उघड्यावर म्हणजे कुठे, तर लीलाधरच्या ओट्यावर.

लीलाधर हा त्यांचा चुलतभाऊ, वयानं धाकटा. शेजारच्याच प्लॉटवर त्याचं घर तीन वर्षांपूर्वी झालेलं, आणि त्याच्या उंच ओट्यावर सकाळी सात-आठ माणसं चहाला जमायची. त्याला कापसासाठी गोदाम बांधायचं होतं आणि ते काम वनालाच द्यायचं बोलून झालं होतं. वनाच्या घरात तेवढ्या कामाच्या भरवशावर पोरीचं लग्न धरलं होतं. हे नानांना माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

रविवारी सकाळी वना तिथेच चहा पीत होता. नानांनी वही उघडली आणि सगळ्यांदेखत रकानेच्या रकाने वाचून दाखवले. फुटिंग इतकं, कॉलम इतके, स्लॅब इतका. माणसं ऐकत राहिली, कारण असा हिशोब कोणी ओट्यावर कधी वाचला नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, माझ्या ड्रॉइंगप्रमाणे चारशे, तुझ्या बिलात चारशे एक्केचाळीस, मग बाकीच्या गोण्या कोणाच्या घरात गेल्या?

वनानं कप खाली ठेवला. त्यानं नानांकडे बघितलं, मग लीलाधरकडे, मग परत नानांकडे. त्याचा चेहरा काहीतरी विचारत होता, पण नानांना ते वाचता आलं नाही.

"नाना, हाई समदं तुम्हले माहीत शे," एवढंच तो हळू म्हणाला. मग गळ्यातला रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि ओट्यावरून उतरून गेला.

उत्तर नाही म्हणजे चोरी, असं जमलेल्यांनी धरलं. लीलाधरनं त्याच दिवशी पाचोऱ्याच्या एका ठेकेदाराला फोन लावून गोदामाचं काम देऊन टाकलं, वर पन्नास हजार आगाऊ. नानांची त्या दिवशी ओट्यावर वाहवा झाली. लीलाधर म्हणाला, भाऊ, तुमच्यासारखी नजर पाहिजे. नानांना ते गोड लागलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

तीन दिवस गेले. काम बंद. बुधवारी नाना ताईबाईंना घेऊन प्लॉटवर गेले, स्लॅबवर पाणी मारायला माणूस येतो की नाही ते बघायला. ताईबाईंचे गुडघे दुखरे. पुढच्या पायऱ्या चढताना त्या प्रत्येक पायरीला हात टेकत मोठ्यानं मोजत होत्या, माणूस दुखणं मोजतो तसं. एक, दोन, तीन. नाना मागे वही घेऊन. आठ म्हणून त्या वर पोहोचल्या आणि घर बांधलं का डोंगर म्हणून करवादल्या.

नाना म्हणाले, काहीतरी काय मोजतेस, ड्रॉइंगमध्ये चारच आहेत.

"मंग ह्या चार मी काय सपनमा चढस?" ताईबाई म्हणाल्या.

नाना पायरीवर उभे होते ते उभेच राहिले. खाली बघितलं. मोजल्या. आठ. सहा-सहा इंचांच्या आठ. म्हणजे चार फूट. ड्रॉइंगमध्ये जोतं दोन फूट.

आणि मग सगळं आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरले कधी होते? फक्त हिशोबाच्या वहीत ते आलं नव्हतं.

मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ते भुसावळहून आले होते. पाया भरून झालेला, कॉलम नुकते जमिनीच्या वर डोकावत होते. लीलाधरच्या ओट्यावर सांजोऱ्या खाताना लीलाधर सगळ्यांसमोर हसत म्हणाला होता, भाऊ, तुमचं घर झालं की चहा द्यायला मला उतरावं लागणार नाही, इथूनच ओतीन. माणसं हसली, नानाही हसले. पण ते मनाला लागलं. थोरल्याचं घर धाकट्याच्या पायाशी. निघताना त्यांनी वनाला बाभळीमागे नेलं आणि सांगितलं, लीलाधरचं जोतं साडेतीन फूट आहे, आपलं चार फूट काढ. नूतनला सांगायची गरज नाही, ती नाही म्हणेल. आणि कुठे बोलू नको, लोक म्हणतील भावाशी चढाओढ करतो. जो लागेल तो मुरूम मी देतो.

मुरूम त्यांनी दिलाही. ट्रॉल्या मोजून, रोखीनं, दुसऱ्याच आठवड्यात. आणि त्यांच्या डोक्यात तो विषय तिथेच मिटला. जोतं वर काढायचं म्हणजे आत मुरूम जास्त टाकायचा, एवढंच त्यांनी धरलं होतं. तो मुरूम अडवायला चारी बाजूंनी भिंत वर न्यावी लागते, प्रत्येक कॉलम दोन फूट लांब होतो, ओटा चढतो, पायऱ्या दुप्पट होतात, हे त्या हिशोबी माणसाच्या लक्षात आलं नाही. चौतीस वर्षं ज्यानं वॉशर चिठ्ठीशिवाय दिला नाही, त्यानं अख्खं जोतं तोंडी उचललं. आणि तोंडी का, तर चिठ्ठी लिहिली असती तर कारणाचा रकाना भरावा लागला असता.

ताईबाईंना त्यांनी टेपचं टोक धरायला लावलं. दोनशे चाळीस फूट भिंत, दोन फूट वर, सव्वा फूट जाड. सहाशे घनफूट. सतरा घनमीटर. सत्तावीस गोण्या. चौदा कॉलम दोन-दोन फूट, सहा गोण्या. ओटा आणि पायऱ्या, सहा. एकोणचाळीस. उरलेल्या दोन सांडलवंडीच्या, तेवढी नूतननं सांगितलीच होती. पोरानं एक गोणी जास्त लावली नव्हती.

पेन्सिल त्यांच्या हातात तशीच राहिली. त्या दिवशी ओट्यावर वना त्यांच्याकडे आणि लीलाधरकडे का बघत होता, ते आता कळलं. तो परवानगी मागत होता. लीलाधर समोर बसलेला, तोंड उघडलं तर नानांचं पितळ लीलाधरसमोरच उघडं पडणार. म्हणून तो स्वतः चोर होऊन उतरून गेला. नानांचं तोंड असं गरम झालं, जसं शाळेत मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर चड्डी फाटलेली दाखवली तेव्हा झालं होतं. ताईबाईंनी काय झालं म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं. ताईबाई टेप गुंडाळायला लागल्या.

संध्याकाळी ते वनाच्या घरी गेले. वनाच्या बायकोनं पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. नानांनी उभ्यानंच सांगितलं, चूक माझी, एक्केचाळीस गोण्यांचे पैसे आणलेत, हे घे. वनानं पाकिटाला हात लावला नाही.

"तुम्हीच सांगं व्हतं, कोठे बोलू नको म्हनीसन. मी नही बोलनू," तो म्हणाला. मग म्हणाला, "पैसा नको आज. जठे बोलनात तठेच सांगा."

नाना घरी आले. कपाटातून जुन्या चिठ्ठ्यांचं कोरं पुस्तक काढलं. निरोपाच्या दिवशी कोणीतरी आठवण म्हणून दिलेलं. माल: सिमेंट. नग: एक्केचाळीस गोण्या. कोणाच्या सांगण्यावरून: अभिमन पाटील. इथपर्यंत हात चालला. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मुरूम कमी पडला, जमीन काळी, पावसाचं पाणी, कितीतरी कारणं सुचली, आणि प्रत्येक खरं वाटण्यासारखं. रस्ता वर येतो म्हणून जोतं उंच घेतलं, असं म्हटलं असतं तर कोणी हरकत घेतली नसती. अशा चिठ्ठ्या त्यांनी आयुष्यभर ओळखून परत केल्या होत्या.

गुरुवारी सकाळी ते लीलाधरच्या ओट्यावर गेले. बसले नाहीत. रविवारचीच माणसं होती. कोणीतरी चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. चिठ्ठी वाचली. शेवटचा रकानाही मोठ्यानं वाचला.

"कारण, धाकट्या भावाच्या घरापेक्षा माझं घर अर्धा फूट उंच दिसावं."

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. एकानं कप उगाच फिरवला. लीलाधर समोरच्या जोत्याकडे बघत राहिला, जणू आज पहिल्यांदा ते त्याला दिसलं. मग नाना म्हणाले की वनानं एक गोणीही खाल्ली नाही, ड्रॉइंग जुनी होती आणि मोजायला मी टेप लावली नाही, आणि गोदामाचं काम त्याला परत दे. लीलाधर खाली मान घालून म्हणाला, आगाऊ देऊन बसलो, भाऊ, पाचोऱ्याचा माणूस उद्या पाया खोदतोय. त्याचं म्हणणंही खरंच होतं. सांगून झालं, पण काम काही वनाला परत मिळालं नाही.

नूतनलाही फोन करून सांगावं लागलं. तिनं आधी जोतं वाढवल्याचं विचारलं, मग कॉलमच्या लोखंडाचं, आणि स्वतः येऊन बघते म्हणाली.

आठ दिवसांनी वना परत आला. दिलेला शब्द होता, घर अर्धं सोडणारा तो नव्हता. विटांचं काम चालू झालं. नाना भल्या सकाळी जाऊन बसायचे, मजुरांना पाणी द्यायचे, वनाशी काहीबाही बोलायला बघायचे. यंदा गिरणेला पाणी कसं, पोरीचं लग्न कधी. लग्न पुढच्या वर्षावर गेलं, एवढं उत्तर मिळालं.

एक मात्र नवीन झालं. वनानं भडगावच्या बाजारातून कार्बनचं पावतीपुस्तक आणलं. रोज सकाळी जितक्या गोण्या फोडायच्या, तितक्या त्यावर लिहायच्या, कुठे लागणार ते लिहायचं, आणि गोणीला फावडं लागायच्या आधी नानांची सही घ्यायची. नियम अगदी नानांच्या स्टोअरसारखा. मजूर खोळंबून बघत उभे राहायचे. पहिल्या दिवशी नाना म्हणाले, अरे, आपल्यात कशाला आता हे. वनानं पुस्तक तसंच पुढे धरून ठेवलं.

पंचेचाळीस वर्षं ज्याच्या तोंडात त्यांच्यासाठी एकच नाव होतं, तो शांतपणे, अहिराणी सोडून शुद्ध मराठीत म्हणाला, "साहेब, सही करा."

नानांनी चष्मा लावला आणि सही केली.